अनुभव धागा: पोरांच्या कविता, यमकं आणि टाळ्या

रानजाई
माळा आवरताना लेकीची दुसरीतली वही सापडली. पानभर आली, झाली, खाली, डाली, टाली! पावसात घरात कोंडलेली पोरं घेऊन आम्ही 'शब्दांची घरं' खेळायचो. एकाने शब्द द्यायचा, बाकीच्यांनी त्याच घरातले सांगायचे. 'टाली'सारखे खोटेही चालायचे, कवितेत मात्र खरेच. मग दोन ओळी जुळवून टाळ्यांवर म्हणायच्या. तिची पहिली कविता:

माऊ आली माऊ आली
दूध पिऊन पळून गेली

दुसऱ्या ओळीत टाळी हमखास अडखळायची. तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

गण्या
सोप्पंय, अक्षरं मोजा. वर आठ, खाली दहा. अडखळणारच.

शुक्रतारा
अमेरिकेतल्या नातवाने बस-रस जुळवलं. 'आली बस, दे मला रस.' आमरस डब्यातला, पण यमक ताजं 😄

बाई (निवृत्त)
गण्या, अक्षरं मोजतात ती ओवी-अभंगाला. इथे मात्रा बघायच्या. ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन, चार मात्रांना एक टाळी, ओळीला चार टाळ्या. मा-ऊ, आ-ली, बरोबर बसतं. 'दूध पि' चार झाल्या, पण 'ऊन' तीनच, तिथे भोक पडतं. 'दूध पिऊनी पसार झाली' म्हणून बघा, टाळी दू, ऊ, प, झा वर पडेल. अक्षरं दहाच आहेत, तरी अडत नाही. शिवाय आली-गेलीत नुसती 'ली' जुळते, आली-झालीत आधीचा 'आ'सुद्धा. वर्गात मी 'मात्रा' हा शब्दच काढायचे नाही. ह्रस्वाला एक पाऊल, दीर्घाला दोन, असं चालवायचे. पोरं 'पुस्तक'ला फसायची. पु ह्रस्व दिसतो, पण पुढच्या जोडाक्षराने दोन पावलं खातो.

गण्या
हात्तिच्या! म्हणजे माझ्या बारशाच्या कविता सगळ्या लंगड्या 🙈

मुग्धा_ठाणे
दोन वर्षांच्या बाळासाठी चांगली बडबडगीतं कुठली? झोपतच नाही.

कोकणी मेवा
बाई, पोरं 'ऊ' लांबवून गातात की. माझा पुतण्या 'पिऊऊन' म्हणतो आणि टाळी चुकत नाही. कशाला सुधारायचं?

बाई (निवृत्त)
त्याच्या तोंडी बसतं, खरंय. वही शेजारच्या पोराला वाचायला द्या, तो तिथेच थांबेल. पण पहिल्याच कवितेला मीही हात लावत नाही.

अंगणवाडी ताई
आमच्याकडे प्रत्येक ओळ 'तो'वर संपते. जातो, येतो, बसतो, झालं यमक! म्हणून आता घरंच वेगळी केली. जातो-खातो-गातो एका खोलीत, येतो-घेतो-देतो दुसरीत. 'बसतो'वरून अजून भांडणं चालू आहेत. एकाने 'हसतो' आणला तेव्हा कुठे त्याला सोबत मिळाली. आले, कुकर झाला.

मुग्धा_ठाणे
कुणी सांगेल का बडबडगीतांचं?

शुक्रतारा
मुग्धा, दिवा मालव आणि बाईंची माऊच म्हण. नातू दुसऱ्या टाळीलाच गार होतो.