बालदमा असलेल्या मुलाचं शाळेला पत्र: पंप शिक्षकांनी द्यायचा की नाही?

कळंब्याची आई
मुलगा 8 वर्षांचा, तिसरीत आहे. बालदमा आहे. रोजचा पंप घरीच देतो. धाप लागली तर साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून द्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. शाळेसाठी मी दोन पानी पत्र लिहिलंय: जन्मापासूनचा इतिहास, ॲलर्जीची यादी, शेवटी 'कृपया काळजी घ्यावी'. मुख्याध्यापक म्हणतात, शिक्षक औषध देणार नाहीत, तुम्हाला फोन करू. पत्रात नक्की काय लिहू? आणि एवढं मागणं बरोबर आहे का?

खडू-फळा
शिक्षक म्हणून स्पष्टच सांगतो, मुख्याध्यापकांचं काही चुकत नाही. वर्गात पन्नास-साठ पोरं असतात. औषध देणं हे आमचं शिक्षण नाही. पोराला खरंच दम लागलाय की पळून आल्यामुळं धापतंय, हे आम्ही कसं ओळखायचं? आणि पंप दिल्यावर काही झालं तर गावभर आमचंच नाव होणार. पालकांना फोन करणं हाच सुरक्षित मार्ग.

छातीचा वॉर्ड
खडू-फळा सर, तुमची भीती समजते, पण 'आधी फोन' हा क्रमच धोक्याचा आहे. आई कामावर असेल, फोन उचलायला पाच मिनिटं, कळंब्याहून शहरात यायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात श्वासनळ्या आणखी आवळत जातात. साल्ब्युटामॉलचा परिणाम काही मिनिटांत दिसायला लागतो. म्हणून आधी पंप, आणि परिणामाची वाट बघताना फोन. पत्रात हा क्रमच ठळक लिहिलेला पाहिजे.

ताई, जन्मापासूनचा इतिहास काढून टाका. तो डॉक्टरांच्या उपयोगाचा, शिक्षकांच्या नाही. आणि 'काळजी घ्यावी' वाचून बाईंनी नेमकं काय करायचं? एकच पान ठेवा. वर मुलाचा फोटो, नाव, तुकडी, तीन फोन नंबर. खाली काय दिसलं तर काय करायचं, एवढंच.

ओळखायचं कसं, हा सरांचा प्रश्न रास्त आहे. पळून आलेलं पोर दोन-तीन मिनिटांत शांत होतं आणि धापतानाही बडबडतं. दम्याचं पोर बसल्यावरही धापतच राहतं, खोकत राहतं, खांदे वर उचलून श्वास घेतं. त्याला एका दमात स्वतःचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव सांगायला लावा. दोन शब्दांवर थांबून श्वास घेत असेल तर ते गंभीर आहे. शर्टाची वरची दोन बटणं काढून बघा: गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल, तर तेही गंभीर.

पत्रातला मजकूर साधारण असा ठेवा. आकडे मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच घाला:

> धाप, सतत खोकला किंवा छातीत घरघर दिसल्यास त्याला बाकावर ताठ, किंचित पुढे झुकून बसवा. आडवं करू नका. एकटं सोडू नका, मधल्या सुट्टीतही नाही.
> पंपाचं टोपण काढा, पंप हलवा, स्पेसरला लावा. एकदा दाबा, त्याला स्पेसरमधून 4 श्वास घेऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा एकदाच दाबा. असे एकूण 4 पफ.
> 4 मिनिटं घड्याळ बघून थांबा. याच वेळात आम्हाला फोन करा.
> फरक नसेल तर आणखी 4 पफ. तरीही फरक नसेल तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत दर 4 मिनिटांनी 4 पफ देत राहा.
> ओठ निळसर, बोलता येत नाही, ग्लानी, किंवा बरगड्या आत ओढल्या जातात: यापैकी काहीही दिसलं तर थांबू नका, एकाने लगेच 108 लावायचा आणि दुसऱ्याने पंप सुरू करायचा.

आणखी एक ओळ हमखास राहते, ती घाला: 'घरघर थांबली पण मूल सुस्त झालं, तर ते बरं झालेलं नाही.' आवाज यायलासुद्धा नळीतून हवा जावी लागते. हवाच जाईनाशी झाली की छाती शांत होते, आणि जवळच्या माणसाला वाटतं झोप लागली.

रंकाळ्याचा वारा
एवढं सगळं करण्यापेक्षा पालकांनी वर्गणी काढून शाळेला नेब्युलायझर घेऊन द्यावा की. पंपापेक्षा त्याची वाफ जोरदार असते. आणि पंपाची सवय लागते म्हणतात. पोराला पाच मिनिटं कोमट पाणी पाजून बघावं, नाही थांबलं तर मग पंप.

छातीचा वॉर्ड
कोमट पाण्याने आवळलेली नळी सुटत नाही, ती पाच मिनिटं फुकट जातात. सवयीची भीतीही निराधार आहे. पंप वारंवार लागतोय याचा अर्थ दमा आटोक्यात नाही, तेव्हा डॉक्टरांकडे जायचं. नेब्युलायझर काही ठिकाणी लागतोच, तेवढं तुमचं बरोबर. पण साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेला पंप त्याच्याइतकंच काम करतो. शिवाय नेब्युलायझरला वीज लागते, तो धुवावा लागतो. मैदानावर किंवा सहलीला पन्हाळ्यावर तो कुठून आणणार?

उचगावकर
आमच्या मुलीलाही धुळीचा त्रास आहे. पीटीतून सूट मिळायला डॉक्टरांचा दाखला चालतो का साधा अर्ज? आणि सूट वर्षभराची घ्यावी का?

औषधवाला
उचगावकर, इथला विषय झटक्याच्या पत्राचा आहे. तरी सांगतो, वर्षभर सूट घेऊच नका. दमा आटोक्यात असेल तर मुलं खेळू शकतात. पळल्यावरच त्रास होत असेल तर खेळाआधी 10-15 मिनिटं पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

आता मूळ पत्राबद्दल. औषधाच्या दुकानात बसून जे बघतो ते सांगतो. पत्र चांगलं असतं, पण सोबत दिलेला डबा बिघडलेला असतो.

पहिली गोष्ट, पत्रात 'निळा पंप' लिहू नका. कंपनीगणिक रंग बदलतो. औषधाचं नाव लिहा, पंपावर मोठ्या अक्षरात 'धाप लागल्यावर' अशी चिठ्ठी चिकटवा. रोजचा पंप शाळेत पाठवूच नका म्हणजे घोळ होणार नाही. याला अपवाद आहे: काही मुलांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हाच रोजचाही आणि झटक्यातलाही पंप म्हणून देतात. तसं असेल तर साल्ब्युटामॉलचे हे 4-4 चे आकडे त्याला लावायचे नाहीत, डॉक्टरांकडून वेगळा आराखडा घ्यायचा.

दुसरी गोष्ट, हलवून 'आहे अजून' म्हणू नका. औषध संपलं तरी आत वायू उरतो, फवारा उडतो, आवाजही येतो. साधारण 200 पफचा पंप असतो. मोजणी दाखवणारा घ्या, नाहीतर चिठ्ठीवर लिहीत चला. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत दोन-तीन पफ मारावे लागतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काढून बघणं पत्रात आपल्याच नावावर घ्या, शाळेच्या नाही.

तिसरी गोष्ट स्पेसर. नवा कोरा किंवा फडक्याने पुसलेला स्पेसर असेल तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, पुसायचा नाही, तसाच निथळत वाळवायचा. चार-पाच पफ एकदम मारून 'भरून' ठेवण्याचाही उपयोग नाही, थेंब एकमेकांना चिकटून खाली बसतात.

आणि कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र शाळेत ठेवू नका. ते जोराने ओढावं लागतं, नेमकी तीच ताकद झटक्यात नसते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती पूडही गोळा होते.

खडू-फळा
माहिती पटली. पण मूळ प्रश्न तसाच आहे. चुकून साध्या सर्दीच्या पोराला 4 पफ दिले तर? आणि जबाबदारी कोणाची?

छातीचा वॉर्ड
हात थरथरतील, छातीत धडधडेल, थोड्या वेळात उतरेल. खरा झटका असताना न देणं त्यापेक्षा कितीतरी वाईट. शंका असेल तर द्या, हेही पत्रात डॉक्टरांच्या सहीसकट लिहून घ्या.

कोर्टाच्या वाटेवर
शिक्षकांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला असतं तेच. काळजीच नको.

सत्र न्यायालय
तसं नाही. तो कायदा मोटार अपघातातल्या मदतनीसांसाठी आहे, शाळेतल्या दम्याला तो लागू होत नाही. इथे भारतीय न्याय संहितेतलं कलम 27 बघा, जुन्या दंड संहितेतलं 89. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेने, पालकाच्या संमतीने केलेली कृती, त्यातल्या अपवादांची मर्यादा सोडता, गुन्हा ठरत नाही. मुलगा 8 वर्षांचा आहे. म्हणून पत्रात स्पष्ट वाक्य हवं: 'आम्ही पालक वरीलप्रमाणे औषध देण्यास लेखी संमती देतो.' दोघांच्याही सह्या घ्या. मात्र खात्याची चौकशी किंवा भरपाईचा दावा हे वेगळे विषय, 'काळजीच नको' असं मी म्हणणार नाही.

खडू-फळा
लेखी संमती आणि डॉक्टरांची सही असेल तर मी स्वतः देईन. पण 'शिक्षकांनी द्यावं' असं मोघम लिहू नका, त्यातून कोणीच पुढे येत नाही. दोन नावं लिहा, वर्गशिक्षक आणि पीटीचे सर. त्यांना समोर बसवून रिकामा स्पेसर हातात द्या, झडपेचा टिकटिक आवाज ऐकवा. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात, तेव्हा पत्र पुन्हा द्या.

आणि त्रास टाळायच्या ओळी आमच्या भाषेत लिहा. 'धुळीची ॲलर्जी' नको. 'वर्ग झाडताना त्याला बाहेर पाठवा, त्याला झाडायला लावू नका. ऊसतोडीच्या दिवसांत कुणी पाचट पेटवून धूर आला तर खिडक्या लावा, त्या दिवशी मैदानावर पळवू नका. मिरवणुकीत गुलालापासून लांब ठेवा.' एवढं आम्ही नक्की करू शकतो.

पंप मात्र ऑफिसच्या कपाटातच राहावा. दप्तरात ठेवला तर पोरं खेळतात.

छातीचा वॉर्ड
इथे माझा ठाम विरोध. कपाटाला कुलूप असतं, किल्ली कारकुनाकडे, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेला कारकून उशिरा येतो. एक संच वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या उघड्या खणात आणि पंप-स्पेसरचा दुसरा त्याच्या दप्तरात. दोन्ही हवेत.

खडू-फळा
टेबलाचा खण चालेल. दप्तरातला पंप तिसरीच्या पोराकडे मी तरी ठेवू देणार नाही. शेजारच्या पोराने सहज म्हणून दहा वेळा उडवला की ऐनवेळी रिकामा.

कळंब्याची आई
खण आणि दप्तराचं डॉक्टरांना आणि बाईंना दोघांनाही विचारते. एक राहिलंच: 108 यायला वेळ लागला तर शाळेने रिक्षाने सीपीआर रुग्णालयात आणावं असं लिहू का?

छातीचा वॉर्ड
108 ला आधी फोन, हे बदलू नका, गाडीत ऑक्सिजन असतो. फोनवर काय सांगायचं तेही लिहून ठेवा: '8 वर्षांचा मुलगा, दमा, बोलता येत नाही, पंप चालू आहे', आणि शाळेची जवळची खूण. गाडीला किती वेळ लागेल ते तिथेच विचारायचं. फार वेळ सांगितला तर दोन मोठी माणसं सोबत हवीत, एक फोनवर आणि एक स्पेसर धरून. रिक्षात मुलाला एकटं शिपायाच्या मांडीवर बसवून पाठवू नका.