मदत हवी आहे: होम बेकरीसाठी मामांकडून ६० हजार घ्यायचेत, एका पानात काय लिहू?

सातारची_केकवाली:
घरून केक करते, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. मोठा ओटीजी आणि स्टँड मिक्सर घ्यायचाय. मामा द्यायला तयार आहेत पण बँकेत होते ना, म्हणाले एका पानावर सगळं लिहून आण मग बोलू. मी लिहिलंय की अर्धा किलोचा केक ४५० ला जातो, सामान १६०, बॉक्स-बोर्ड २५, वीज १५, म्हणजे सुटतात २५०. डिसेंबरात ४५ केक गेले तर महिना ५ हजार हप्ता, वर्षात फिटले. बरोबर वाटतंय का?

रमेश_काका:
मुद्रा लोन घ्या की सरळ, घरच्यांचे उपकार कशाला.

सातारची_केकवाली:
काका मामांकडूनच घ्यायचंय, प्रश्न पानाचा आहे 🙂

हिशेबनीस:
हप्ता डिसेंबरवर बांधू नका. नाताळ, लग्नं, सगळं तेव्हाच असतं. पितृपक्षात किती जातात ते बघा.

सातारची_केकवाली:
तेव्हा २० च्या आसपास.

हिशेबनीस:
मग २० धरा. आणि तुमची मजुरी कुठंय त्या २५० मध्ये? केकमागे १०० तरी स्वतःला काढा नाहीतर हप्ता फेडताना घरखर्चातून पैसे जातील आणि कळणारही नाही. उरले १५०, गुणिले २०, म्हणजे ३ हजार. ६० हजाराला २० महिने लागतील, तेच लिहा. चांगल्या महिन्यात जास्त देईन असं खाली एक ओळ टाका. बँकेतला माणूस आधी मंद महिनाच विचारणार.
अजून एक, मोठा ओव्हन कशाला हे आकड्यात सांगा. आत्ता जागा नाही म्हणून किती ऑर्डरी परत करता? एकही करत नसाल तर नुसता मिक्सर घ्या, कर्ज निम्मं होईल.

सातारची_केकवाली:
शनिवार-रविवारी ३-४ नाही म्हणावे लागतात, बाकी दिवस ओव्हन रिकामाच असतो खरं तर.

पुणेरी_पाव:
५० हजाराच्या वर घेतलं की टॅक्स लागतो, जपून.

हिशेबनीस:
तो नियम भेटीचा, आणि मामाने दिलेली भेट त्यातही सुटते. हे तर कर्ज आहे, उत्पन्न नाही. पण २० हजार किंवा जास्त उसने रोख घेऊ नका, खात्यावरच घ्या, फेडतानाही तसंच.

स्वाती_के:
आम्ही दिरांकडून तोंडी घेतले होते, त्यांना वाटलं धंद्यात भागीदारी आहे, दिवाळीत जो काय तमाशा झाला!! "हे कर्ज आहे, नफ्यात वाटा नाही" हे पानावर लिहाच, खाली दोघांच्या सह्या.

सातारची_केकवाली:
लिहिते. व्याजाचं काय पण? मामा नको म्हणतील, मामी काहीच बोलत नाहीत.

स्वाती_के:
मामींना विचार आधी.

हिशेबनीस:
एफडीवर मिळतं तेवढं तरी लिहा, नको म्हणाले तर त्यांनी खोडावं.

रमेश_काका:
मामाकडून व्याज? आमच्याकडे असलं कधी ऐकलं नाही.