मदत हवी आहे: डिझेल इंजिनची ब्रेक थर्मल कार्यक्षमता ४९ टक्के येतेय

घाटी_नाही_मी: मी रत्नागिरीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक सिलिंडर, ५ एचपी (३.७ किलोवॅट), १५०० आरपीएमचं डिझेल इंजिन, रोप ब्रेक. ड्रम ३० सेंमी, दोर १५ मिमी. टांगलेल्या वजनातून स्प्रिंग बॅलन्सचं रीडिंग वजा करून १२ किलो उरले. ब्युरेटमधलं १० सीसी डिझेल संपायला ३६ सेकंद लागले. उष्मांक मूल्य ४२,५०० धरलं. बीपी ५.८२ किलोवॅट, इंधन ताशी १ किलो, बीएसएफसी ०.१७२, कार्यक्षमता ४९.३ टक्के. सर म्हणाले, "जरा जास्तच चांगलं इंजिन आहे तुझं", आणि जर्नल परत दिलं. माझं ०.१७२ × ०.४९३ बरोबर ३६०० ÷ ४२,५०० म्हणजे ०.०८४७ येतं, मग चूक कुठे?

पावसाळी_बेडूक: १० सीसी म्हणजे १० ग्रॅम नव्हे! डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता ०.८३ धर. ८.३ ग्रॅम झाले. ही घे चूक, चहा पाज.

घाटी_नाही_मी: अहो, तसं केलं तर ५९ टक्के येतेय. आणखी बिघडलं!

नाखवा_मालवण: माझ्या होडीचं दोन सिलिंडरचं इंजिन तासाला ४ लिटर पितं. हे जास्त की बरोबर? टेबल-बिबल नको, एवढंच सांगा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: बेडकाने धरलेली चूक खरी आहे, पण ती दुसऱ्या चुकीला झाकत होती. बाई, आधी बीपीचा रकाना बघ. ३.७ किलोवॅटच्या इंजिनाने ५.८२ कसे दिले? तिथेच थांबायला हवं होतं. तू टॉर्कमध्ये त्रिज्येऐवजी व्यास घातलायस. त्रिज्या म्हणजे ड्रम आणि दोर मिळून ३१.५ सेंमीच्या निम्मी.

```
T  = 12 × 9.81 × 0.1575 = 18.54 N·m
BP = 2π × 1500 × 18.54 / 60000 = 2.91 kW
mf = 8.3 / 36 × 3.6 = 0.83 kg/h
BSFC = 0.83 / 2.91 = 0.285 kg/kWh
BTE  = 3600 / (0.285 × 42500) = 29.7 %
```

एवढ्याशा इंजिनाला हे शोभतं. ४९ टक्के जयगडला लागणाऱ्या मोठ्या जहाजांच्या इंजिनांच्या जवळपास जातं. आणि तो ०.०८४७ चा ताळा फसवा आहे. दोन्ही आकडे एकाच बीपी आणि एकाच इंधनावरून काढलेत, त्यामुळे मुळात चूक असली तरी गुणाकार जुळणारच. तो फक्त शेवटच्या भागाकारातली चूक पकडतो.

नाखवा, ४ लिटर म्हणजे साधारण ३.३ किलो. इंजिन चांगलं असेल तर त्यात १२ किलोवॅट, म्हणजे सोळाएक एचपी निघावेत. पण समुद्रात तेवढा भार खरंच होता का हे मोजायला तुमच्याकडे ब्रेक नाही, म्हणून जास्त की बरोबर ते यावरून सांगता येणार नाही.

नाखवा_मालवण: म्हणजे मीच मोजायचं. बरं.

घाटी_नाही_मी: दादा, धन्यवाद! टेबल पुन्हा मांडते. रिकाम्या इंजिनाला ९५ सेकंद लागले होते, तिथे बीएसएफसी शून्य लिहू का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: शून्य म्हणजे फुकट चालतंय! इंधन जळतंय ताशी ०.३१ किलो आणि बीपी शून्य, तर भागाकार होतच नाही. आडवी रेघ मार. कार्यक्षमतेच्या रकान्यात मात्र ० लिही, ते खरं आहे. निरीक्षणांचं टेबल वेगळं ठेव, त्यात डोळ्यांनी वाचलेलंच: वजन, स्प्रिंग, वेग, सेकंद. उत्तरं दुसऱ्या टेबलात, एककं रकान्याच्या डोक्यावर एकदाच. चूक कुठे शिरली ते मग बोट ठेवून दाखवता येतं.

पावसाळी_बेडूक: आमच्या कॉलेजात उष्मांक ४४,८०० घेतात. मग २८.२ येईल. कोणतं बरोबर?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: मी खालचं, म्हणजे ४२,५०० घेतो, कारण धुराड्यातून पाणी वाफ होऊनच जातं. काही जण वरचंच धरतात, त्यावर स्टाफरूममध्ये मी हरलोय. कोणतं घेतलं ते टेबलाखाली लिही.

आणि एक बघ. आपल्या खाऱ्या हवेत स्प्रिंग बॅलन्स गंजतो. दोर सैल सोडल्यावर काटा शून्यावर येतो का?

घाटी_नाही_मी: अर्ध्या किलोवर अडकलेला असतो... टिचकी मारल्यावर कधी खाली येतो, कधी नाही.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: मग स्प्रिंग अर्धा किलो जास्त दाखवत असेल आणि तुझे १२ खरे १२.५ असतील. तिथे कार्यक्षमता ३०.९ होईल, फरक एका टक्क्याचा. ६ किलोची ओळ?

घाटी_नाही_मी: त्यात ५६ सेकंद होते. बीएसएफसी ०.३६६, कार्यक्षमता २३.१.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: तिथे २५ होईल. कमी भारालाच हा अर्धा किलो जास्त नडतो.

घाटी_नाही_मी: पण रीडिंग घेताना काटा अडकला होता की नव्हता, आता आठवत नाही. लॅबची पाळी पुढच्या गुरुवारी.