मदत हवी आहे: एक इंची लाईनचा नवीन जॉइंट तीन वेळा बदलला तरी गळतोय

पाना_पक्कड (कळंबा)
नमस्कार मंडळी, मी प्लंबिंगची कामं करतो, चार वर्षं झाली. कळंब्यात एका बंगल्यात बोअरची लाईन वरच्या टाकीला जाते, तिचा खालचा तुकडा जेसीबीनं तुटला म्हणून मी तेवढाच नवा टाकला, पांढरा एक इंची यूपीव्हीसी, आणि जुन्या लाईनला कपलर लावून जोडला. जुन्या पाइपला घराचाच रंग मारलेला आहे. मोटर बंद असली की जॉइंट नुसता ओलसर राहतो आणि चालू केली की टपटप सुरू. तीन वेळा कापून नवीन कपलर बसवला, सोल्युशन नवा डबा आणून दोन्हीकडं भरपूर लावलं, तरी एक दोन दिवसांत परत तेच. मालक काही बोलत नाहीत पण मलाच झोप येईना. कुठं चुकतंय सांगा की.

सुनीता_म
आमच्याकडं पण असंच, बाथरूमच्या खालच्या स्लॅबला ओल येते, वॉटरप्रूफिंग दोनदा केलं. तुम्ही कुठलं केमिकल वापरता?

पाना_पक्कड
ताई, ते स्लॅबचं वेगळं, माझी लाईन उघड्यावर भिंतीलगत आहे, गळणारी जागा डोळ्यानं दिसतीय.

राजू_कागल
भावा, वरून टाकीचं पाणी उतरत असणार. चिकटवताना पाइपात थेंब थेंब जरी येत राहिलं तरी सोल्युशन धरत नाही, मला शंभर टक्के हेच वाटतंय. वरचा वॉल बंद कर, लाईन पूर्ण रिकामी कर, फडक्यानं कोरडं पूस आणि मग लाव. आणि लगेच मोटर चालू करू नको, रात्रभर तसंच ठेव.

पाना_पक्कड
राजूदादा, तिसऱ्या वेळी तसंच केलं होतं, लाईन आदल्या दिवशी रिकामी केली आणि नंतर २४ तास मोटर लावली नाही. तरी गळलं.

जुना_कंत्राटी
राजूचं म्हणणं बरोबर आहे, बरेच जॉइंट त्यामुळंच जातात, पण इथं तू कोरडं करूनही गळतंय म्हणजे दुसरं काहीतरी. मला एवढंच सांग, सोल्युशन न लावता कोरडा पाइप कपलरमध्ये घातला तर कुठंपर्यंत जातो? नीट मापाचा असला तर साधारण निम्म्यात घट्ट होतो, पुढं जोर लावावा लागतो. आणि कुठल्या बाजूनं गळतंय, नव्या का जुन्या?

पाना_पक्कड
काका, गळतंय तिन्ही वेळा जुन्या बाजूनंच. कोरडा घालून कधी बघितला नव्हता, सोल्युशन लावलं की पाइप अलगद तळाला जायचा म्हणून मला वाटायचं जॉइंट छान बसला. उद्या बघून सांगतो.

पाना_पक्कड
सापडलं!! सकाळी जुन्या बाजूला कोरडा कपलर घातला तर सरळ तळाला टेकला, आणि हातानं हलवला तर डुगडुगतोय. नव्या बाजूला तोच कपलर निम्म्यात अडकला. मग जुन्या पाइपचा रंग खरवडला, खाली छापलेलं निघालं, ३२ एमएम आणि आयएस ४९८५. म्हणजे शेतीचा पाइप! मालकांना विचारलं तर म्हणाले, शेताच्या कामातला शिल्लक होता तोच बंगल्याला वापरला. वर्निअरनं मोजलं, जुना बाहेरून ३२ आणि नवा एक इंची ३३.४ च्या आसपास. जवळजवळ दीड एमएमचा फरक, डोळ्याला अजिबात दिसत नाही.

जुना_कंत्राटी
तेच. सोल्युशन म्हणजे फट बुजवायची लांबी नव्हे भावा, ते दोन्ही प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, त्यासाठी दोन्ही एकमेकांना घासून बसायला पाहिजेत. फट असली की मधला थर वाळताना आकसतो, त्यात बारीक वाटा पडतात आणि प्रेशर आलं की पाणी तिथनं निघतं. म्हणून तू जास्त लावलंस तरी फरक पडला नाही.

राजू_कागल
मग पाइपाला टेप गुंडाळून जाड करून घातला तर?

जुना_कंत्राटी
अजिबात नको, टेपला सोल्युशन चिकटतच नाही. जुन्या बाजूला ३२ चा शेतीचाच एमटीए लाव, एक इंची आट्याचा, आणि नव्या बाजूला पितळी आट्याचा एफटीए. आटे दोन्हीकडं एकच आहेत, तिथं मापाचा प्रश्न येत नाही. आधी टेफ्लॉन लावून दोघं एकमेकांत आवळ, मग पाइप चिकटव. पान्ह्यानं फार आवळू नको, प्लास्टिकचा आटा चिरतो.

पाना_पक्कड
काका, तसंच केलं. आज पाचवा दिवस, रोज मोटर चालू असताना कोरडा कागद धरून बघतोय, एक थेंब नाही. लई आभार. एक शंका राहिली, वर गच्चीवर दुसऱ्या कुणीतरी पूर्वी असाच पांढरा कपलर जुन्या पाइपला लावलाय, तो मात्र गळत नाही. तो बदलू का?

राजू_कागल
गळत नाही तर हात लावू नको.

जुना_कंत्राटी
तिथं टाकी जवळ, प्रेशर नावाला असणार म्हणून टिकला असेल. मी असतो तर बदलला असता.

पाना_पक्कड
मालकांना दोन्ही सांगतो, ते म्हणतील तसं.