उत्तर: चेन की टायर?

> डोझरला रुंद टायर लावले तर चालणार नाही का? चेनच कशाला?

टायर जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब देतो. ट्रकच्या टायरमध्ये तो चौरस सेंटिमीटरला ७ किलोच्या आसपास असतो. आता २० टनांचा डोझर घ्या. प्रत्येक चेन ५६ सेंमी रुंद, जमिनीला टेकलेली लांबी २६० सेंमी. दोन्ही मिळून सुमारे २९,००० चौरस सेंमी, म्हणजे दाब जेमतेम ०.७ किलो. दलदलीसाठी चेनला ९० सेंमी रुंद पोलादी पट्ट्या लावल्या की तोच ०.४३ वर येतो. टायरला एवढं क्षेत्र द्यायचं तर त्याचा आकार अवाढव्य होईल.

पण माझ्या मते डोझरच्या बाबतीत पकड जास्त महत्त्वाची. पट्टीवरची उभी धार मातीत रुतते आणि दोन धारांमधली माती तिथेच अडकते. चेन घसरायची तर हा अख्खा थर खालच्या मातीपासून कापला जावा लागतो. ओल्या काळ्या मातीत हा विरोध वजनापेक्षा क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणून लांब चेन तिथे खूप उपयोगी पडते. कोरड्या वाळूत मात्र वजनच कामाला येतं. धारा झिजल्या की चेन जागेवर फिरते, डोझर पुढे सरकत नाही. ऑपरेटरला ते लगेच कळतं.

वरचा ०.७ हा सरासरी आकडा आहे. डोझरचे रोलर, म्हणजे चेनवर वजन टेकवणारी चाकं, लहान आणि जवळजवळ असतात, म्हणून दाब बऱ्यापैकी सारखा पसरतो. रणगाड्याची चाकं मोठी आणि एकमेकांपासून लांब, वेगात उसळी झेलण्यासाठी. त्यामुळे प्रत्येक चाकाखाली दाब सरासरीपेक्षा बराच चढतो आणि मऊ चिखलात रणगाडाही रुततो.