मदत हवी आहे: या लूपचं मूळ जुनं गाणं कोणतं?

नमस्कार मंडळी. गड्ड्याच्या जत्रेत एका पाळण्याजवळ एक रॅप ट्रॅक वाजत होता. मी तो फोनवर रेकॉर्ड केला. शाझाम नवाच ट्रॅक ओळखतं, पण मला त्यातल्या व्हायोलिनचं मूळ गाणं हवंय.

लूप १६ मात्रांचा, वेग मिनिटाला साधारण ९२ बीट, म्हणजे दर साडेदहा सेकंदांनी तोच तुकडा येतो. व्हायोलिनं सा नि ध प अशी उतरतात, प वर थांबतात आणि शेवटी एका बाईच्या आवाजातला ‘आ’ सुरू होताच कापला जातो. तो ‘आ’ फारच बारीक, लहान मुलीसारखा लागतो. म्हणून ऑडॅसिटीत Change Speed वापरून वेग ०.८४ पट केला. सूर तीन अर्धस्वर खाली आले, बीट ७७ वर आली आणि आवाज एकदम मोठ्या बाईचा झाला! मूळ वेग याच्याच जवळपास असावा.

‘आ’ तिथेच सुरू होतोय, म्हणजे हा तुकडा बहुतेक अंतऱ्याआधीच्या म्युझिकचा शेवट आहे. त्यामुळे मुखडे ऐकून काही सापडणार नाही. खालचा बास कमी केला की ढोलकही ऐकू येतो.

बाबांनी सुचवलेलं एक गाणं लावून पाहिलं. उतरण तीच, पण तिथे व्हायोलिनं प वर न थांबता म पर्यंत जातात. तुकडे कापून जोडले असतील तर तेही शक्य आहे, पण त्यात ढोलक नाही, तबला आहे.

कुणाला आठवतंय का? क्लिप कमेंटमध्ये टाकतोय, मूळ आणि हळू केलेली, दोन्ही.