मदत हवी आहे: बचत गटाच्या रजिस्टरवरून बायकांचा नावनिहाय हिशोब कसा काढायचा?

आजऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी. आई आमच्या गावातल्या बचत गटाची सचिव आहे, गटात 12 बायका आहेत, दर महिन्याच्या 10 तारखेला बैठक असते आणि प्रत्येकीची बचत महिना 100 रुपये. अंतर्गत कर्जाला महिना 2 टक्के व्याज. रजिस्टरमध्ये एका बैठकीचं एक पान, त्यात नाव, बचत, कर्ज दिलं, मुद्दल परत, व्याज, दंड आणि सही, खाली सगळ्या रकान्यांची बेरीज. आता बँकेत नवीन कर्जाची फाईल टाकायची आहे आणि तिथे प्रत्येकीची एकूण बचत किती, कर्ज किती घेतलं, किती फेडलं, आज बाकी किती असा एकच तक्ता मागितलाय, एप्रिल 2024 ते मार्च 2025 चा.

मी गूगल शीटमध्ये प्रत्येक महिन्याचं वेगळं शीट केलं, 12 शीटं झाली, पण रजिस्टरमध्ये बायका ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने नावं लिहिलीत त्यामुळे प्रत्येक पानावर अनुक्रमांक वेगळा, एप्रिलमध्ये जी 4 नंबरला ती मे मध्ये 9 ला. एकीचं शोधायला 12 शीटं उघडायची, दोन रात्री गेल्या आणि तीनच बायका झाल्या. वर काही ठिकाणी बेरीज शून्यच येतेय, आकडे समोर दिसतायत तरी शून्य. कुणी हे केलंय का?

मोबाईलवाला_भाऊ

ताई टाईप कशाला करताय, पानांचे फोटो काढा आणि गूगल लेन्सने टेक्स्ट उचला, 12 पानं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मी दुकानाची बिलं अशीच उचलतो.

आजऱ्याची_लेक

करून बघितलं भाऊ. नावं बऱ्यापैकी आली पण रकाने मोडले, कर्ज नाही म्हणून जिथे रिकामं आहे तिथे पुढचा आकडा सरकून आला, म्हणजे दंडाचे 10 रुपये व्याजात जाऊन बसले. आणि आईच्या हातचा १ आणि ९ तर मलाच नीट कळत नाहीत.

खातेवही_काकू

मी पंधरा वर्षं गटांची दप्तरं लिहिते आणि तपासते त्यामुळे सांगते, 12 शीटं हीच चूक आहे. एकच शीट कर, सगळ्या वर्षाचं, खाली खाली वाढत जाणारं. एका बाईची एका बैठकीची एक ओळ. नावाच्या जागी कायमचा सदस्य नंबर टाक, पासबुकावर असतो तो, पानावरचा अनुक्रमांक नाही. शीटचं नाव इंग्रजीत Nondi ठेव म्हणजे फॉर्म्युल्यात अडचण नको. रकाने असे: A तारीख, B सदस्य नंबर, C बचत, D कर्ज दिलं, E मुद्दल, F व्याज, G दंड. बाई गैरहजर असली तरी तिची ओळ टाकायचीच, शून्य भरून. मग 12 बैठका गुणिले 12 बायका म्हणजे 144 ओळी झाल्या पाहिजेत, 143 भरल्या तर कुणीतरी राहिली हे लगेच कळतं.

सुरुवातीला आणखी 12 ओळी, तारीख 31/3/2024, त्यात मागच्या वर्षाअखेरची प्रत्येकीची जमा बचत C मध्ये आणि बाकी कर्ज D मध्ये. हे नाही टाकलं तर जुनं कर्ज फेडणाऱ्या बाईची बाकी उणे दिसेल.

दुसऱ्या शीटवर A मध्ये सदस्य नंबर, B मध्ये नाव, आणि C2 मध्ये हे:

```
=SUMIFS(Nondi!C:C,Nondi!$B:$B,$A2)
```

उजवीकडे G पर्यंत ओढ आणि मग खाली. बचत, कर्ज, मुद्दल, व्याज, दंड आपोआप भरतं. H मध्ये `=D2-E2`, ती तिची आजची बाकी. फक्त D मध्ये मागची बाकी पण मिसळलेली आहे हे बँकेच्या तक्त्यात लिहायला विसरू नकोस.

आता बेरीज शून्य का येते. आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलाय का बघ. रजिस्टरसारखं 100/- लिहिलंस का?

आजऱ्याची_लेक

हो काकू, सगळीकडे 100/- आणि 500/- लिहिलंय, आणि काही पानं मराठी आकड्यांत. सगळं डावीकडेच आहे.

खातेवही_काकू

तेच. त्याला ते अक्षर वाटतं, बेरजेत धरत नाही आणि चूक झाली असंही सांगत नाही. नुसता आकडा टाक, इंग्रजी अंकांत.

मोगरा_७८

आमच्या गटातही हाच घोळ आहे. दिवाळीला व्याजाचे पैसे वाटायचे असतात, सगळ्यांना सारखे वाटायचे की बचतीप्रमाणे? आमच्यात दोन बायका उशिरा आल्या त्यांना सारखे का द्यायचे म्हणून भांडण झालं, आता त्या बैठकीला येत नाहीत.

आजऱ्याची_लेक

ताई त्याचा वेगळा धागा काढाल का, ते खरंच महत्त्वाचं आहे पण माझी आधी बाकीच जुळत नाहीये.

काकू, 156 ओळी भरल्या. तक्ता आला! पण दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे ऑक्टोबरच्या पानावर 7 नंबरच्या मावशींपुढे नुसतं 1370 लिहिलंय, बचत किती मुद्दल किती काहीच फोड नाही. त्यांनी जूनमध्ये 5000 घेतले, हप्ता 500 चा. जुलैत 700 भरले, ऑगस्टमध्ये 690, सप्टेंबरला मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या म्हणून गैरहजर. दुसरं म्हणजे 3 नंबरची बाकी उणे 500 येतेय, मागची बाकी टाकूनसुद्धा.

खातेवही_काकू

1370 ची फोड मागच्या पानांवरून निघते. जुलैत 100 बचत, 500 मुद्दल, आणि 5000 वर 2 टक्के म्हणजे 100 व्याज, झाले 700. बाकी 4500. ऑगस्टचं व्याज 90, म्हणून 690. बाकी 4000. सप्टेंबर चुकला. म्हणजे ऑक्टोबरला दोन महिन्यांची बचत 200, दोन महिन्यांचं व्याज 80 आणि 80 म्हणजे 160, गैरहजेरीचा दंड तुमच्यात किती आहे?

आजऱ्याची_लेक

10 रुपये.

खातेवही_काकू

मग 200, 160 आणि 10 मिळून 370. उरले बरोबर 1000, म्हणजे दोन हप्ते. बाकी 3000. अशी गोल रक्कम उरली की फोड बरोबर आहे असं धरायला हरकत नाही, पण तिचं पासबुक बघूनच पक्कं कर, आणि पानाच्या तळाला व्याजाची बेरीज आहे तिच्याशीही ताडून बघ. उरले 963 असं काही आलं असतं तर मी हात लावला नसता, बैठकीत विचारलं असतं.

सीए_होणार

एक दुरुस्ती. सप्टेंबरचं 80 व्याज थकलं ना, मग ऑक्टोबरला 4080 वर व्याज लागेल, 81.60. चक्रवाढ असंच चालतं. तुमचं 160 चूक आहे.

खातेवही_काकू

बँकेच्या कर्जाला तसं असेल बाळा, गटाच्या अंतर्गत कर्जाला गटाचा ठराव चालतो. मी पाहिलेल्या बहुतेक गटांत राहिलेल्या मुद्दलावरच सरळ व्याज धरतात आणि चुकल्याचा दंड वेगळा. काही गटांनी थकलेल्या व्याजावरही व्याज लावलेलं पाहिलंय. लेकी, इतिवृत्तात तुमचा नियम काय लिहिलाय?

आजऱ्याची_लेक

"शेकडा 2 रुपये दरमहा" एवढंच आहे. कशावर ते लिहिलेलं नाही. आई म्हणते आम्ही कायम बाकीवरच धरतो.

सीए_होणार

लिहिलेलं नाही म्हणजे उद्या कुणीही वाद घालू शकतं. मी म्हणतो ते चूक कसं?

खातेवही_काकू

चूक म्हणत नाही. पण पैसे 1370 घेऊन झालेत, आपण तक्त्यात घेतलेलेच लिहायचे, घ्यायला हवे होते ते नाही.

आता उणे 500. एकाच नावाच्या दोन बायका आहेत का?

आजऱ्याची_लेक

आहेत!! 3 आणि 11, दोघी चुलत जावा, नाव आडनाव एकच. रजिस्टरमध्ये "मोठी" "धाकटी" लिहितात पण डिसेंबरच्या पानावर ते लिहायचं राहिलंय.

खातेवही_काकू

मग 11 ची बाकी 500 ने जास्त दिसत असणार. डिसेंबरची सही बघ कुणाची आहे, नावावर जाऊ नको.

हे असं लक्षात ठेव. आधी प्रत्येक तारखेची बेरीज पानाच्या तळाशी ताडायची, रकान्या रकान्याने. एकूण जमा पण जुळत नसेल तर ओळ राहिलीय किंवा आकडा चुकलाय. जमा जुळते पण गटाची एकूण कर्जबाकी जुळत नाही तर मुद्दल व्याजाच्या रकान्यात गेलंय किंवा उलटं. आणि तळ सगळे जुळतात तरी एकीची बाकी कमी आणि दुसरीची तेवढ्याच रकमेने जास्त, तर नावांची अदलाबदल. तुझं तिसरं आहे. हे तळाच्या बेरजेत कधीच सापडत नाही, म्हणून नावनिहाय तक्ता लागतो.

व्याज तपासायला Nondi च्या H2 मध्ये हे टाक आणि खाली ओढ, त्या बैठकीच्या आधीची तिची बाकी येते. तिचे 2 टक्के F शी ताडून बघ.

```
=SUMIFS(D:D,B:B,B2,A:A,"<"&A2)-SUMIFS(E:E,B:B,B2,A:A,"<"&A2)
```

आजऱ्याची_लेक

काकू डिसेंबरची सही धाकटीची नाही, मोठीची पण नाही, अंगठा आहे! धाकटीच अंगठा देते. म्हणजे 500 धाकटीचे, 3 ला टाकले ते मी 11 ला हलवले. 3 ची बाकी शून्य, आईला विचारलं तर म्हणाली हो तिचं फिटलंय नोव्हेंबरला.

पण हा नवा फॉर्म्युला भलतंच दाखवतोय. 7 नंबरची जुलैच्या आधीची बाकी 5000 बरोबर येते, पण जुनं कर्ज असलेल्यांची मागची बाकी धरतच नाही, एप्रिलला शून्य आणि पुढे सगळं उणे.

मोबाईलवाला_भाऊ

ताई तारखा बघा. 10/4/2024 ला ते 4 ऑक्टोबर समजत असेल. माझ्या उधारीच्या शीटमध्ये असंच झालं होतं. File मध्ये Settings, तिथे Locale India करा.

आजऱ्याची_लेक

भाऊ बरोबर! माझ्या सगळ्या बैठका ऑक्टोबरात गेल्यात, 4 ऑक्टोबर, 5 ऑक्टोबर अशा ओळीने. क्रम तोच राहिला म्हणून लक्षात आलं नाही. आणि 31/3/2024 तर डावीकडे चिकटलीय, म्हणजे तारीखच नाही, म्हणून मागची बाकी धरत नव्हता.

खातेवही_काकू

शाब्बास भाऊ, हे माझ्या ध्यानात आलं नसतं. लेकी, Locale बदलल्यावर आधीच्या तारखा आपोआप दुरुस्त होणार नाहीत, सगळ्या परत टाक.

आजऱ्याची_लेक

टाकल्या. आता 11 जणींचं व्याज पानाशी जुळतंय. फक्त 5 नंबरचं जानेवारीत 60 रुपये कमी घेतलंय, बाकी 8000 म्हणजे 160 हवे होते, लिहिलेत 100. तळाच्या बेरजेत पण 100 च धरलेत. पासबुक तिच्याकडे आहे आणि ती माहेरी गेलीय. तक्त्यात 100 ठेवते, शेजारी शेरा लिहिते आणि 10 तारखेच्या बैठकीत तिच्यासमोरच विचारते.

सीए_होणार

आणि कशावर व्याज तो ठराव पण त्याच बैठकीत लिहून घ्या.

आजऱ्याची_लेक

आईला सांगितलं. ती म्हणते आधी सगळ्या काय म्हणतात बघू, दोघी तिघींची थकबाकी आहे, त्यांना न विचारता नाही लिहिणार.